'डिड ही वेन्ट'मध्ये भूतकाळ दोनदा येतो का? काळ कुठे बसतो ते ओळखण्याची रीत

नागपुरात इंग्रजी बोलायला लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून 'डिड ही वेन्ट?' हे वाक्य कधी ना कधी निघतं. क्लासमध्ये त्यावर एक ओळीचा उपाय मिळतो: 'डिड आला की व्ही-वन.' ओळ बरोबर आहे, पण ती फक्त 'डिड'पुरती आहे. 'आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट' इथे 'वेन्ट' का चालतं, 'हॅड गॉन' म्हणजे दोन भूतकाळ का नाहीत, 'डिड यू वेअर देअर' का चुकतं, याचं उत्तर त्या ओळीत नाही. मुळातला नियम एकच आहे आणि तो कळला की ही सगळी वाक्यं त्यातूनच सुटतात. खाली तो टप्प्याटप्प्यानं दिला आहे.

आधी जवळ काय हवं

एक वही, दोन रंगांची पेनं आणि क्रियापदाची तिन्ही रूपं देणारा कोणताही शब्दकोश. क्लासमध्ये या रूपांना व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री म्हणतात (गो, वेन्ट, गॉन), इथेही तसंच म्हणू. शिवाय स्वतःच लिहिलेली दहा-पंधरा इंग्रजी वाक्यं हवीत: ऑफिसचा मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, काहीही. पुस्तकातली तयार वाक्यं घेऊ नका, त्यांत तुमच्या चुका सापडणार नाहीत.

सरावासाठी क्रियापदं निवडताना एक काळजी घ्या. कट, पुट, हिट, शट, हर्ट ही क्रियापदं बाजूला ठेवा. त्यांचं व्ही-वन आणि व्ही-टू सारखंच असतं, त्यामुळे 'डिड ही कट' म्हणताना तुम्ही नियम पाळला की योगायोगानं सुटलात, हे ओळखता येत नाही. गो, कम, टेक, सी, गिव्ह, ईट ही चांगली, कारण त्यांत चूक लगेच दिसते.

१. चूक कुठून येते ते आधी पाहा

मराठीत 'तो गेला' याचा प्रश्न करायचा तर आपण 'का' जोडतो: 'तो गेला का?' हिंदीत 'क्या' पुढे येतो: 'क्या वो गया?' दोन्हीकडे क्रियापदाला हात लागत नाही. 'गेला' तसाच राहतो, 'गया'ही तसाच राहतो. 'का' आणि 'क्या' यांचं काम फक्त प्रश्न विचारण्याचं; काळाशी त्यांचा संबंध नाही.

नागपूरकर दोन्ही भाषा दिवसभर बोलतो, आणि 'क्या वो गया'मधली 'क्या'ची जागा इंग्रजीतल्या 'डिड'च्या जागेवर अगदी नेमकी बसते. 'क्या'च्या जागी 'डिड', 'वो'च्या जागी 'ही', 'गया'च्या जागी 'वेन्ट': झालं 'डिड ही वेन्ट'. म्हणजे चूक 'वेन्ट'मध्ये दिसत असली, तरी तिचं मूळ 'डिड'बद्दलच्या समजुतीत आहे. 'डिड' म्हणजे 'का' किंवा 'क्या' असं मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात 'डिड' हे क्रियापद आहे, 'डू'चं व्ही-टू. ते प्रश्नाची खूण करतंच, पण सोबत भूतकाळही घेऊन येतं.

'क्या' काळाप्रमाणे बदलत नाही: 'क्या वो जाता है', 'क्या वो गया'. इंग्रजीत मात्र तीच जागा बदलते: 'डज ही गो', 'डिड ही गो'. जो शब्द काळाप्रमाणे बदलतो, तो नुसती प्रश्नाची खूण असू शकत नाही.

२. हाच नियम मराठीत तुम्ही रोज पाळता

इंग्रजी बाजूला ठेवा आणि ही वाक्यं मोठ्यानं म्हणा.

ते जातात. ते जात नाहीत.
मी जातो. मी जात नाही.
तू जातोस. तू जात नाहीस.

नकार देताना 'जातात'चं 'जात' झालं आणि अनेकवचनाचा प्रत्यय 'नाही'वर जाऊन 'नाहीत' झाला. 'ते जातात नाहीत' असं कोणी म्हणत नाही. 'तू जातोस नाहीस' तर ऐकायलाही नको वाटतं. (नागपुरी बोलण्यात हा 'स' बरेचदा गळतो, 'तू जात नाही' म्हणतात, म्हणून पहिली जोडी जास्त स्पष्ट आहे.) मदतीला दुसरा शब्द आला की प्रत्यय त्याच्याकडे जातो आणि मूळ क्रियापद मोकळं होतं. प्रत्यय दोन्हीकडे राहत नाही.

आता हे पाहा:

तो जात आहे. तो जात होता. तो जात असेल.

तिन्ही वाक्यांत 'जात' तसूभरही हललेलं नाही. आत्ताची गोष्ट, तेव्हाची गोष्ट, अंदाज: हे सगळं आहे, होता, असेल यांनी सांगितलं. याला आपण साहाय्यक क्रियापद म्हणतो, क्लासमध्ये हेल्पिंग व्हर्ब म्हणतात. काळ त्याच्याकडे असतो.

आपली नागपुरी बोली तर याचं आणखी छान उदाहरण देते. 'काय करून राहिला?' हा प्रश्न आत्ताच्या कामाबद्दल असतो. 'राहिला' हे रूप दिसायला भूतकाळी आहे, तरी ऐकणाऱ्याला 'काल काय केलंस' असा अर्थ लागत नाही. कालचं विचारायचं असेल तर आपण 'काय करून राहिला होता?' असं 'होता' लावतो. रूप भूतकाळासारखं दिसणं वेगळं आणि त्यानं काळ सांगणं वेगळं. पुढे व्ही-थ्रीसाठी हेच लागणार आहे.

३. इंग्रजी वाक्यात काळ कोणाकडे आहे ते शोधा

कसोटी सोपी आहे. वाक्य जसंच्या तसं ठेवा आणि फक्त वेळ बदला. 'येस्टर्डे'च्या जागी 'एव्हरी डे' किंवा 'नाऊ' घाला, मग कोणता शब्द बदलावा लागतो ते बघा. जो बदलतो त्याच्याकडे काळ आहे. त्याला एका रंगानं अधोरेखा द्या, बाकीच्या क्रियापदांना दुसऱ्या रंगानं.

'ही वेन्ट' बदलून 'ही गोज'. क्रियापद एकच आहे, काळ त्यातच मुरलेला.
'ही वॉज गोइंग' बदलून 'ही इज गोइंग'. 'वॉज' बदललं, 'गोइंग' तेच.
'ही हॅड गॉन' बदलून 'ही हॅज गॉन'. 'हॅड' बदललं, 'गॉन' तेच.
'इट वॉज ईटन' बदलून 'इट इज ईटन'. 'वॉज' बदललं, 'ईटन' तेच.
'डिड ही गो' बदलून 'डज ही गो'. 'डिड' बदललं, 'गो' तेच.

पाचही वाक्यांत बदलणारा शब्द एकच आहे आणि तो क्रियापदांच्या रांगेत पहिला आहे. नियम हाच: इंग्रजीत रांगेतलं पहिलं क्रियापद काळ सांगतं, मागून येणारी क्रियापदं फक्त पहिल्याला हवं ते रूप घेतात. 'हॅव'ला मागे व्ही-थ्री लागतं. चालू क्रियेसाठी 'बी'ला 'आयएनजी'चं रूप लागतं, कर्मणीसाठी व्ही-थ्री. 'डू'ला मागे व्ही-वन लागतं. 'कॅन', 'कुड', 'विल', 'वुड' यांनाही व्ही-वनच लागतं, म्हणून 'कुड ही वेन्ट' चुकतं तेही याच कारणानं.

व्ही-टूला या यादीत मागची जागा कुठेच नाही. ते कायम पहिलं असतं, कारण त्याच्यात स्वतःचा काळ असतो. व्ही-टू दुसऱ्या जागी दिसलं की तिथेच थांबायचं.

४. मग 'डिड ही वेन्ट'मध्ये भूतकाळ दोनदा आला का?

रूपानं पाहिलं तर हो. 'डिड' म्हणजे 'डू' अधिक भूतकाळ आणि 'वेन्ट' म्हणजे 'गो' अधिक भूतकाळ. एकाच घटनेवर एकच खूण दोन ठिकाणी पडली.

अर्थानं पाहिलं तर नाही. ऐकणाऱ्याला 'त्याच्याही आधीची' गोष्ट समजत नाही. 'तो काल गेला का' एवढंच कळतं, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते: समोरचा उत्तर देऊन मोकळा होतो. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे अशी लहान मुलंही बोलायला शिकताना अशी वाक्यं करतात, भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणाऱ्यांनी ती नोंदवली आहेत. त्या मुलांना 'क्या' माहीत नसतो. म्हणजे चुकीचं सगळं खापर मराठी-हिंदीवर फोडता येत नाही. काळ एका शब्दातून काढून दुसऱ्यावर नेणं हेच मुळात सवय लागेपर्यंत निसटणारं काम आहे.

इथे एक शंका हमखास येते. मराठीत 'तो गेला होता' म्हणतो, त्यात 'गेला'ही भूतकाळी आणि 'होता'ही. मग तिथे दोनदा चालतं, इंग्रजीत का नाही?

तिसऱ्या पायरीची कसोटी लावा. 'तो गेला होता', 'तो गेला आहे', 'तो गेला असेल'. 'गेला' तिन्हीकडे तोच. म्हणजे या वाक्यांत 'गेला' काळ सांगत नाही, जाण्याची क्रिया पुरी झाली एवढंच सांगतो. केव्हा ते 'होता' सांगतो. दोन शब्द, दोन वेगळी कामं. इंग्रजीत याची जोडी 'हॅड गॉन'शी लागते: 'गॉन' क्रिया पुरी झाल्याचं सांगतं, 'हॅड' काळ सांगतं. म्हणून 'हॅड गॉन' बरोबर आहे. 'डिड वेन्ट'मध्ये दोन्ही शब्द एकच काम करायला उभे आहेत, त्यातला एक जास्तीचा आहे.

'तो गेला नाही' हे वाक्यही असंच बघा. 'नाही'च्या जागी 'नव्हता' घातलं की काळ मागे सरकतो, 'गेला' मात्र तसाच. मराठी 'गेला' नकारात टिकू शकतो, कारण तो पूर्णतेची खूण घेऊन बसलेला आहे. इंग्रजी 'वेन्ट'कडे काळाखेरीज दुसरी खूणच नाही. 'डिडन्ट'नं काळ उचलला की 'वेन्ट'ला करायला काही उरत नाही आणि त्याचं 'गो' होतं. 'ही डिडन्ट वेन्ट' ही चूक 'गेला नाही'ची शब्दशः नक्कल आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या इंग्रजीत 'डू'ची ही मदत नव्हती. क्रियापदच कर्त्याच्या पुढे जायचं, 'वेन्ट ही?' असा प्रश्न व्हायचा आणि 'ही वेन्ट नॉट' असा नकार. 16व्या-17व्या शतकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालत होत्या, पुढे 'डू'वाली रूढ झाली. पण काळ एकदाच हा हिशेब दोन्ही पद्धतींत सारखाच आहे. 'वेन्ट' वापरायचं तर 'डिड' नको आणि 'डिड' घेतलं तर 'वेन्ट' नको.

५. विधानाचा प्रश्न करण्याची कृती

'ही वेन्ट टू रामटेक येस्टर्डे' हे वाक्य घेऊ.

पहिलं काम, साहाय्यक क्रियापद आधीपासून आहे का ते पाहायचं. इथे नाही, एकटं 'वेन्ट' आहे. म्हणून 'डू' आणावं लागेल.

दुसरं काम, 'वेन्ट' फोडायचं. वहीत खरोखर लिहा: वेन्ट = गो + भूतकाळ. ही पायरी वगळली की चूक होते. घाईत लोक 'वेन्ट' अख्खं ठेवून पुढे 'डिड' चिकटवतात.

तिसरं काम, भूतकाळ 'डू'ला द्यायचा: डू + भूतकाळ = डिड. 'गो' मोकळं राहिलं.

चौथं, 'डिड' कर्त्याच्या पुढे: 'डिड ही गो टू रामटेक येस्टर्डे?' नकार हवा असेल तर 'डिड' कर्त्याच्या मागे आणि त्याला 'नॉट': 'ही डिडन्ट गो टू रामटेक.' आणि 'तो गेलाच' असं ठासून सांगायचं असेल तर 'ही डिड गो', 'डिड'वर जोर देऊन. तिन्हीकडे 'गो' मोकळंच.

'कुठे गेला' विचारायचं असेल तर 'व्हेअर' सगळ्यात पुढे: 'व्हेअर डिड ही गो?' मराठीत 'तो कुठे गेला?' यात 'का' लागत नाही, म्हणून इथे दोन निरनिराळ्या चुका होतात. कोणी 'डिड' विसरून 'व्हेअर ही वेन्ट?' म्हणतो, आणि ते सुधारायला सांगितलं की 'व्हेअर डिड ही वेन्ट?' म्हणतो. दुसरी चूक पहिलीच्या अर्धवट दुरुस्तीतून येते: 'डिड' आणलं, पण 'वेन्ट' फोडायचं राहिलं.

६. जिथे पाय घसरतो अशा जागा

*'डिड' लागतच नाही अशी क्रियापदं.* 'डिड यू वेअर देअर?' 'डिड ही वॉज लेट?' ही वाक्यं फार ऐकू येतात. 'वॉज' आणि 'वेअर' स्वतःच साहाय्यकासारखी पुढे जाऊ शकतात, त्यांना मदतनीस लागत नाही. 'वेअर यू देअर?', 'वॉज ही लेट?' एवढंच पुरे.

*कर्ताच विचारलेला असतो.* 'कोण गेलं?' म्हणजे 'हू वेन्ट?' 'हू' स्वतः कर्त्याच्या जागी असल्यामुळे 'डिड' येत नाही आणि काळ 'वेन्ट'मध्येच राहतो. 'हू डिड गो' फक्त जोर द्यायचा असेल तर.

*मुख्य क्रियापदच 'डू' असतं.* 'व्हॉट डिड ही डू?' यात पहिला 'डिड' काळ घेणारा आणि शेवटचा 'डू' खरा 'करणे'वाला. 'व्हॉट डिड ही डिड' ही 'डिड ही वेन्ट'चीच सख्खी बहीण आहे.

*वाक्यात दोन उपवाक्यं असतात.* 'डिड ही से ही वेन्ट?' हे बरोबर आहे! नवा नियम शिकलेली माणसं 'डिड' दिसताच पुढचं सगळं व्ही-वन करतात आणि 'डिड ही से ही गो' लिहून बसतात. काळ एकदाच, पण प्रत्येक उपवाक्यात एकदा. दुसऱ्या 'ही'पासून नवं उपवाक्य सुरू होतं, त्याला स्वतःचा काळ लागतो. उलट 'डिड ही गो अँड सी द डॉक्टर?' यात 'गो' आणि 'सी' एकाच कर्त्याखाली, एकाच 'डिड'मागे आहेत, म्हणून दोन्ही मोकळी. 'गो अँड सॉ' चुकीचं.

*व्ही-थ्रीच्या जागी व्ही-टू.* 'हॅव यू वेन्ट?' इथे 'वेन्ट' मागच्या जागी आलं आहे, तिथे 'गॉन' हवं. इंग्लंड-अमेरिकेच्या काही बोलींत असं बोलतात, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये ते चूकच धरलं जातं.

*कानाला न कळणारी चूक.* 'डिड यू वॉक्ड टू द स्टेशन?' बोलताना 'वॉक्ड'चा शेवटचा उच्चार 'टू'मध्ये मिसळतो आणि कोणाला काही कळत नाही. लिहिताना मात्र ती उघडी पडते. म्हणून 'ईडी' लागणाऱ्या क्रियापदांची तपासणी कानानं नको, लिहूनच करा. 'रीड'चं उलट आहे: इंग्रजी लिपीत तीनही रूपांचं स्पेलिंग एकच, पण व्ही-वनचा उच्चार 'रीड' आणि व्ही-टूचा 'रेड'. 'डिड यू रेड इट?' ही चूक फक्त बोलतानाच सापडते.

७. एक निरोप दुरुस्त करून पाहू

बुटीबोरीच्या एखाद्या गोदामातून असा निरोप जातो, समजा:

'डिड द ट्रक रीच्ड बुटीबोरी? इट डिडन्ट केम येस्टर्डे. आय डोन्ट नो व्हेअर डिड इट वेन्ट.'

पहिल्या वाक्यात रांग आहे 'डिड – रीच्ड'. पहिल्याकडे काळ आहे, दुसऱ्याकडेही. दुसरं मोकळं करा: 'डिड द ट्रक रीच बुटीबोरी?'

दुसऱ्यात 'डिडन्ट – केम'. 'आला नाही'ची नक्कल. 'केम' फोडा, कम + भूतकाळ. भूतकाळ 'डिडन्ट'कडे आहेच: 'इट डिडन्ट कम येस्टर्डे.'

तिसऱ्यात हात आपोआप 'वेन्ट'कडे जाईल आणि 'व्हेअर डिड इट गो' होईल. इथे थांबा. हा सरळ प्रश्न नाही, 'मला माहीत नाही'च्या पोटातलं उपवाक्य आहे, आणि अशा उपवाक्यात इंग्रजी साध्या विधानाचाच क्रम ठेवते. 'डू' आणायचं कारणच नाही. म्हणून काढायचं ते 'डिड', आणि 'वेन्ट' ठेवायचं: 'आय डोन्ट नो व्हेअर इट वेन्ट.' सुरुवातीचं 'डोन्ट' वर्तमानकाळी आहे आणि 'वेन्ट' भूतकाळी, पण उपवाक्यं वेगळी असल्यामुळे दोघांचं भांडण नाही. माहीत नसणं आत्ताचं, ट्रक जाणं कालचं.

आता पलीकडून उत्तर येतं. 'इट रीच्ड लास्ट नाइट' म्हटलं तर काळ परत 'रीच'मध्ये शिरला, कारण विधानात मदतनीस उरला नाही. नुसतं 'येस, इट डिड' म्हटलं तर उलट: क्रियापद गळलं आणि काळ सांगायला 'डिड' एकटं पुरलं. 'येस, इट डिड रीच्ड' असं उत्तर आलं, तर समोरच्यालाही दुसऱ्या रंगाचं पेन द्यायची वेळ झाली आहे.